स्प्रेडच्या ऑर्डरी टाकणाऱ्या प्रोग्रामला लगाम : निफ्टी पुट स्प्रेडसाठी मर्यादा, तपासण्या आणि किल स्विच

ब्रोकरच्या एपीआयवरून ऑर्डर टाकायला पायथॉनच्या दहा ओळी पुरतात. हा लेख त्या दहा ओळी लिहून झालेल्यांसाठी आहे. तुमचा प्रोग्राम चालतोय, एका लॉटवर पैसेही लागलेत, आणि आता तो समोर न बसता चालू द्यावा असं वाटायला लागलंय, तर त्याआधी काय बांधून घ्यायचं ते इथे क्रमाने लिहितो. स्ट्रॅटेजी चांगली की वाईट यात मी पडणार नाही. वाईट स्ट्रॅटेजी हळूहळू पैसे घालवते, तिला आळा घालायला वेळ मिळतो. बिघडलेला प्रोग्राम तो वेळ देत नाही.

सगळीकडे उदाहरण एकच घेतो. निफ्टी २५,००० वर आहे. आपण २४,८०० चा पुट विकतो आणि संरक्षण म्हणून २४,६०० चा पुट विकत घेतो. विकलेल्याचे ९२ रुपये मिळतात, घेतलेल्याला ४८ जातात, म्हणजे हातात ४४ रुपयांचं क्रेडिट. स्ट्राइकमधलं अंतर २००. निफ्टी कितीही पडला तरी एका शेअरमागे तोटा २०० वजा ४४, म्हणजे १५६ रुपये. लॉट ६५ चा धरला तर एका लॉटमागे १०,१४० आणि दोन लॉटना २०,२८०. हा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या मर्यादा यावरूनच निघतात.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. ब्रोकरच्या ॲपवर 'बास्केट' दिसते म्हणून स्प्रेड ही एकच ऑर्डर आहे असं वाटतं. पण आपल्यासारख्यांना मिळणाऱ्या एपीआयवरून साधारणपणे दोन्ही लेग दोन सुट्या ऑर्डरी म्हणून जातात. एक भरते, दुसरी अडकते. एक पोहोचते, दुसरीचं उत्तरच येत नाही. १५६ रुपयांचा तो कमाल तोटा दोन्ही लेग जागेवर असतील तरच खरा. नुसता विकलेला पुट उरला तर ते कुंपण राहत नाही.

## सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- ब्रोकरची एपीआय की, आणि रोज सकाळी लॉगिन करून मिळणारं टोकन. ते दुसऱ्या दिवशी चालत नाही, हे गृहीत धरूनच प्रोग्राम लिहा.
- स्टॅटिक आयपी. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ ला किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगसाठी परिपत्रक काढलं. त्यानंतरच्या चौकटीत ब्रोकरकडे नोंदवलेल्या आयपीवरूनच एपीआयच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातात, आणि सेकंदाला १० ऑर्डरींच्या वर जाणाऱ्यांना एक्स्चेंजकडे वेगळी नोंदणी करावी लागते. आपला स्प्रेडचा प्रोग्राम त्या आकड्याच्या आसपासही फिरकायला नको.
- ब्रोकरची रोजची इन्स्ट्रुमेंट फाइल, ज्यात सिम्बॉल, स्ट्राइक, एक्स्पायरी आणि लॉट साइज असते.
- हिशेब डिस्कवर ठेवायला एक छोटा डेटाबेस. एसक्यूलाइट पुरे.
- मोबाइलवर ब्रोकरचं ॲप, लॉगिन करून ठेवलेलं, आणि ब्रोकरच्या कॉल ॲण्ड ट्रेडचा नंबर. हे शेवटचं कशाला ते पाचव्या पायरीत कळेल.

## १. सगळ्या ऑर्डरी एकाच दारातून जाऊ द्या

बहुतेकांच्या प्रोग्राममध्ये एंट्रीचं फंक्शन वेगळं, स्टॉपलॉसचं वेगळं, आणि प्रत्येकजण आपापली ऑर्डर थेट ब्रोकरला पाठवतो. मग तपासण्या तीन ठिकाणी लिहिल्या जातात आणि चौथ्या ठिकाणी राहून जातात. त्यापेक्षा ब्रोकरला ऑर्डर पाठवणारी ओळ संपूर्ण प्रोग्राममध्ये एकच ठेवा, आणि तिच्या आधी एक दार ठेवा. स्ट्रॅटेजीने फक्त मागणी करायची. देणं न देणं दाराच्या हातात.

```python
def gate(o, st):
    if st.reduces_risk(o):
        return o.qty <= st.closable_qty(o.symbol)
    if os.path.exists(STOP_FILE):
        return False
    if st.starts_entry(o) and st.entries_today >= 2 or st.orders_today >= 10:
        return False
    if o.qty > 2 * o.lot or o.qty % o.lot:
        return False
    return True
```

यातली पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथेच चूक होते. जोखीम कमी करणारी ऑर्डर कुठली, हे स्ट्रॅटेजीला ठरवू देऊ नका. तिने 'ही एक्झिट आहे' असं म्हटलं म्हणून सोडलं, तर बिघडलेली स्ट्रॅटेजी त्याच वाटेने बाहेर पडेल. दाराने ब्रोकरकडच्या पोझिशन बघून स्वतः ठरवायचं.

ठरवताना नुसती क्वांटिटी कमी होते का एवढं बघून भागत नाही. आपल्याकडे २४,६०० चे १३० पुट आहेत आणि प्रोग्राम ते विकायला निघाला. क्वांटिटी १३० वरून शून्य होणार, दिसायला एक्झिटच. पण २४,८०० चे विकलेले १३० अजून उघडे असतील तर ही ऑर्डर जोखीम कमी करत नाही, कैक पटींनी वाढवते. मार्जिनही एकदम उसळतं, कारण हेजची सवलत गेली. म्हणून नियम असा : विकलेला पुट परत घेणं ही नेहमी सुटकेची ऑर्डर, आणि घेतलेला पुट विकणं ही सुटकेची ऑर्डर तेव्हाच, जेव्हा त्याच्या आडोशाला एकही विकलेला पुट उरलेला नाही.

`closable_qty` मध्ये आधीच पाठवलेल्या पण न भरलेल्या एक्झिट ऑर्डरी वजा करायला विसरू नका. नाहीतर एकच पोझिशन दोनदा बंद होते, म्हणजे दुसऱ्या बाजूला नवी पोझिशन उघडते.

## २. मर्यादा : नग किती, आणि वेळा किती

क्वांटिटीची मर्यादा सगळे घालतात. 'एका वेळी दोन लॉटच्या वर नाही.' ठीक आहे, पण तिने फार काही वाचत नाही. घरगुती प्रोग्राममध्ये जास्त दिसणारा बिघाड वेगळा असतो : आकार बरोबर, पण तीच ऑर्डर पुन्हा पुन्हा.

हे नेमकं कसं होतं ते बघा. प्रोग्राम दर मिनिटाला विचारतो, 'माझ्याकडे पोझिशन आहे का?' नसेल तर एंट्री घेतो. ऑर्डर `NRML` मध्ये गेली, पण पोझिशन तपासणारी ओळ फक्त `MIS` च्या पोझिशन बघते. तिला काहीच दिसत नाही. पुढच्या मिनिटाला पुन्हा एंट्री. प्रत्येक ऑर्डर स्वतंत्रपणे निर्दोष आहे, दोनच लॉटची आहे, भावही बरोबर. दहा मिनिटांत दहा स्प्रेड, वीस लॉट, आणि कमाल तोट्याचा आकडा २०,२८० वरून २,०२,८०० वर. पुरेसं मार्जिन खात्यात नसेल तर ब्रोकर अडवेल, पण मार्जिन संपणं हा काही तुमचा बचाव नव्हे.

म्हणून वेळांची मर्यादा हवी. मी अशा ठेवायला सांगतो : दिवसाला दोन एंट्री, नवी जोखीम घेणाऱ्या दहा ऑर्डरी, सेकंदाला दोन ऑर्डरी. दहाच का? दोन स्प्रेडच्या चार ऑर्डरी, प्रत्येकीचा भाव एकदा बदलला तर आठ, वर दोन. भाव बदलणं हेही मोजायचं आणि नाकारलेली ऑर्डरही मोजायची. `REJECTED` आलं म्हणून पुन्हा पाठव, पुन्हा `REJECTED`, असं चक्र लागलं की पैसे जात नाहीत म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण तेच चक्र एखादी ऑर्डर स्वीकारली गेली की महाग पडतं.

इथे तीन सापळे आहेत.

पहिला, मोजणी कधी वाढवायची? ऑर्डर पाठवण्याआधी. पाठवून उत्तर आल्यावर वाढवली, आणि उत्तरच आलं नाही, तर ती ऑर्डर मोजलीच जात नाही.

दुसरा, मोजणी कुठे ठेवायची? डिस्कवर, तारखेसह. मेमरीत ठेवली तर प्रोग्राम बंद पडून पुन्हा सुरू झाला की ती शून्य होते. सर्व्हरवर `Restart=always` असेल आणि प्रोग्राम ऑर्डर टाकल्यावर लगेच कोसळत असेल, तर तुमची 'दिवसाला दोन' ही मर्यादा प्रत्यक्षात 'प्रत्येक जन्माला दोन' होते.

तिसरा सापळा लॉट साइजचा. निफ्टीचा लॉट २०२४ मध्येच ५० वरून २५ आणि नंतर ७५ झाला, पुढे ६५. कोडमध्ये `75` टाइप केलेलं असेल तर एक दिवस सगळ्या ऑर्डरी नाकारल्या जातील. तो सुदैवी प्रकार. जुना आकडा नव्याच्या पटीत बसत असेल तर ऑर्डर नाकारली न जाता भलत्याच आकाराची जाते, जसं २५ च्या काळात ५० टाकणारा प्रोग्राम मुकाट्याने एकाऐवजी दोन लॉट घेत राहिला असता. एक्स्पायरीच्या वाराचंही तसंच. एनएसईची साप्ताहिक एक्स्पायरी सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारवरून मंगळवारी आली, आणि सुट्टी असली की आदल्या दिवशी. दोन्ही गोष्टी रोज इन्स्ट्रुमेंट फाइलमधून घ्या. फाइलची तारीख आजची नसेल तर त्या दिवशी एंट्री नाही.

## ३. भाव शहाणा आहे का ते विचारा

ऑर्डर योग्य आकाराची आहे, योग्य वेळा आहे, पण भावच चुकीचा वाचला असेल तर?

२ जून २०२२ ला एनएसईवर निफ्टीचा १४,५०० चा कॉल काही पैशांना विकला गेला, जेव्हा त्याचा बाजारभाव दोन हजार रुपयांच्या आसपास होता. निफ्टी तेव्हा साडेसोळा हजारांजवळ. शाळकरी वजाबाकी केली असती तरी कळलं असतं की हा कॉल दोन हजारांच्या खाली स्वस्त असूच शकत नाही. नुकसान दोनशे कोटींच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं. दक्षिण कोरियात डिसेंबर २०१३ मध्ये याहून विचित्र झालं. हानमॅग सिक्युरिटीजच्या ऑप्शन प्रोग्राममध्ये व्याजाच्या हिशेबासाठी उरलेले दिवस ३६५ ने भागायचे, तिथे ० भरला गेला. प्रोग्रामला जिकडेतिकडे बिनजोखमीचा नफा दिसायला लागला आणि काही मिनिटांत त्याने सुमारे ४६ अब्ज वोन घालवले. कंपनी त्यातून पुन्हा उभी राहिली नाही.

दुसऱ्या प्रसंगातला धडा असा की तपासणी स्ट्रॅटेजीच्या आकड्यांवर विसंबून नसावी. स्ट्रॅटेजीने जे गणित वापरलं तेच वापरून तपासलं, तर चूक दोन्हीकडे सारखीच होईल आणि दोन्ही उत्तरं जुळतील. म्हणून तपासण्या मुद्दाम ढोबळ ठेवा. बाजाराचा इम्प्लाइड व्होलॅटिलिटीचा हिशेब इथे नको. वजाबाकी आणि तुलना पुरे.

आपल्या स्प्रेडवर लावून बघू. दोन्ही पुटांचे बिड-आस्क असे आलेत : २४,८०० चा ९१.५० / ९२.५०, आणि २४,६०० चा ४७.६० / ४८.४०.

आधी वय. हे भाव किती सेकंदांपूर्वीचे आहेत? तीन सेकंदांहून जुने असतील तर ऑर्डर नाही. वेबसॉकेट तुटतो तेव्हा बहुतेक वेळा एरर येत नाही. शेवटचा भाव तसाच राहतो आणि प्रोग्राम त्यावर शांतपणे निर्णय घेत राहतो. शेवटच्या सौद्याचा भाव इथे वापरू नका. दूरच्या स्ट्राइकचा शेवटचा सौदा वीस मिनिटांपूर्वीचाही असू शकतो.

मग जोडीची तपासणी, आणि हिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. एकाच एक्स्पायरीत वरच्या स्ट्राइकचा पुट खालच्या स्ट्राइकच्या पुटापेक्षा महागच असतो. ९२ विरुद्ध ४८, बरोबर. उलट दिसलं तर सिम्बॉल अदलाबदल झालेत, किंवा एका लेगची एक्स्पायरी वेगळी लागली आहे. या एका ओळीत कितीतरी चुका सापडतात.

त्यानंतर क्रेडिट. प्रत्यक्षात लगेच मिळेल असं क्रेडिट म्हणजे विकायच्या पुटाचा बिड वजा घ्यायच्या पुटाचा आस्क : ९१.५० वजा ४८.४० = ४३.१०. ते शून्याहून जास्त आणि २०० हून कमी असायलाच हवं, हे गणित. पण एवढ्याने भागत नाही. निफ्टीच्या २०० अंकांखाली असलेल्या स्प्रेडला १२० रुपये मिळतायत असं दिसलं, तर ते खूश व्हायचं कारण नाही, काहीतरी बिघडल्याचं लक्षण आहे. मी खालची हद्द ४० आणि वरची ८० ठेवतो. वरची हद्द लोक घालत नाहीत, कारण 'जास्त मिळत असेल तर बरंच की' असं वाटतं.

शेवटी बिड-आस्कमधली फट. दोन्ही लेगांची मिळून इथे १.८० आहे. ती पाचच्या वर गेली तर बाजार पातळ आहे, थांबा. सकाळी सव्वानऊच्या पहिल्या मिनिटांत ही तपासणी बऱ्याचदा अडवेल, आणि अडवू द्या.

एक्स्चेंजचीही स्वतःची किंमत-मर्यादा असते, ब्रोकरचीही असते. त्या बाजाराला वाचवायला आहेत आणि पुरेशा सैल आहेत. तुमच्या दोन लॉटचा भाव वीस रुपयांनी चुकला तर त्यांच्या खिजगणतीतही येणार नाही. आणि मार्केट ऑर्डर वापरूच नका. लगेच भरायचं असेल तरी लिमिटच टाका, आस्कच्या थोडी वर किंवा बिडच्या थोडी खाली, ०.०५ च्या पटीत गोल करून.

## ४. दोन लेग, आणि मधला तो क्षण

आधी घ्यायचा पुट, मग विकायचा. नेहमी. मार्जिन कमी लागतं हा एक फायदा, पण खरं कारण हे की मध्येच काही अडलं तर हातात उरतो तो विकत घेतलेला पुट, आणि त्यात जायचे ते भरलेले पैसेच.

घेतलेली ऑर्डर `COMPLETE` झाल्याशिवाय दुसरी पाठवायची नाही. ६५ च भरले असतील तर विकायचेही ६५ च. ऑर्डर आयडी मिळाला म्हणजे ऑर्डर भरली, असं समजणारा कोड मी बऱ्याच जणांकडे बघतो. आयडी म्हणजे नुसती पोचपावती.

आता समजा २४,६०० चे १३० पुट ४८.४० ला मिळाले, आणि २४,८०० ची विक्री ९१.५० ला लावली तोवर बाजार वर सरकला. वीस सेकंद झाली, काही भरलं नाही. प्रोग्रामने भाव एकदा खाली आणायचा, ९१ ला. क्रेडिट ४२.६०, अजून आपल्या ४० च्या वर, चालेल. आणखी वीस सेकंद. तरीही नाही. आता विक्रीची ऑर्डर रद्द करायची, रद्द झाल्याची खात्री करायची, आणि घेतलेले पुट विकून मोकळं व्हायचं. ४७.६० ला विकले तर तोटा ०.८० गुणिले १३०, म्हणजे १०४ रुपये आणि वर चार्जेस. बाजार वर गेलाय तेव्हा थोडे जास्तही जातील. 'फुकट पैसे गेले' असं वाटून प्रोग्रामला भावाच्या मागे धावायला लावू नका.

रद्द झाल्याची खात्री हा शब्द मी सहज लिहिलेला नाही. रद्द करायची विनंती पोहोचेपर्यंत ऑर्डर भरलेली असू शकते. खात्री न करता हेज विकला, तर नेमका नको तो उघडा पुट उरतो.

आणि सगळ्यात अवघड प्रसंग : ऑर्डर पाठवली, आणि उत्तर आलंच नाही. टाइमआउट. ऑर्डर पोहोचली की नाही? दोन्ही शक्य आहे. बहुतेक कोडमध्ये इथे आपोआप पुन्हा पाठवणारी लायब्ररी बसवलेली असते, वेबसाइटसाठी ती उत्तम आहे, इथे ती दुप्पट ऑर्डर टाकते. प्रत्येक ऑर्डरला आपला एक वेगळा टॅग द्या, आणि उत्तर आलं नाही तर ऑर्डर बुकमध्ये तो टॅग शोधा.

```python
try:
    oid = broker.place(o, tag=tag)
except Timeout:
    oid = find_by_tag(tag, tries=3, wait=2)
    if oid is None:
        open(STOP_FILE, "w").close()
        alert("ऑर्डरचा पत्ता नाही: " + tag)
```

तीनदा शोधून सापडली नाही तरी पुन्हा पाठवायची नाही. माणसाला बोलवायचं.

याचाच जुळा भाऊ पोझिशनच्या चौकशीत लपलेला असतो. पोझिशन विचारताना एरर आली आणि कोडने `except: return []` केलं, तर 'माहीत नाही' चं 'काहीच नाही' होतं. मग प्रोग्राम नव्याने एंट्री घेतो. रिकामी यादी आणि न मिळालेलं उत्तर यांना वेगळं ठेवा. उत्तर मिळालं नाही तर `None`, आणि `None` असताना दार बंद. दर तीस सेकंदांनी आपली नोंद आणि ब्रोकरची पोझिशन ताडून बघा. जुळलं नाही तर बरोबर ब्रोकर, पण प्रोग्रामने स्वतःहून दुरुस्तीच्या ऑर्डरी टाकायच्या नाहीत. थांबायचं आणि कळवायचं.

## ५. किल स्विच : 'बंद' म्हणजे नक्की काय?

१ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटलच्या आठपैकी एका सर्व्हरवर जुना कोड राहून गेला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरच्या आसपास गेले. त्यातला कमी सांगितला जाणारा भाग असा की गडबड चालू असताना तिथल्या मंडळींनी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. आजार त्या नव्या कोडात असेल असं समजून. त्याने आणखी वाढलं. बाजार चालू असताना काय बिघडलंय ते शोधत बसू नये, आधी थांबवावं. पण थांबवायचं म्हणजे काय, ते शांत डोक्याने आधी ठरवलेलं असावं लागतं.

स्प्रेडसाठी 'बंद' चे दोन अर्थ आहेत, आणि दोन वेगळी बटणं हवीत.

पहिलं बटण : नवं काही नको. `STOP` नावाची फाइल तयार झाली की दार नवी जोखीम घेणाऱ्या सगळ्या ऑर्डरी अडवतं, एंट्रीच्या न भरलेल्या ऑर्डरी रद्द करतं, पण सुटकेच्या ऑर्डरी जाऊ देतं. पूर्ण झालेला स्प्रेड तसाच राहतो. त्याला धोका नाही, त्याचा तोटा बांधलेला आहे. जवळजवळ सगळ्या शंकास्पद वेळी हेच बटण दाबायचं, आणि प्रोग्रामनेही स्वतःवर हेच दाबायचं.

दुसरं बटण : सगळं मोकळं कर. क्रम ठरलेला : उरलेल्या सगळ्या ऑर्डरी रद्द, मग विकलेला पुट परत घेणे, तो पूर्ण भरल्यावरच घेतलेला पुट विकणे. घेतलेला पुट दोनपाच रुपयांचा उरला असेल आणि विकला गेला नाही तर सोडून द्या. हे बटण शक्यतो माणसाने दाबावं. आपोआप दाबायचं एकच कारण मी ठेवीन : हेजशिवाय उघडा पुट दिसतोय, आणि साठ सेकंदांत परिस्थिती सुधारली नाही. ते कारण सोडून इतर वेळी आपोआप मोकळं करणारा प्रोग्राम एखाद्या खोट्या भावावर घाबरून चांगली पोझिशन वाटेल त्या भावाला फुंकून टाकतो.

प्रोग्रामची प्रोसेस मारणे, म्हणजे `kill -9` किंवा लॅपटॉपचं झाकण बंद करणे, हा किल स्विच नाही. बाजारातल्या ऑर्डरी आणि पोझिशन तुमच्या लॅपटॉपवर नसतात. विकायच्या लेगनंतर काही अडलं असेल तर तुम्ही फक्त डोळे मिटलेत.

ब्रोकरच्या ॲपमध्येही 'किल स्विच' नावाची सोय दिसते. तिचे नियम आजच वाचून ठेवा. ती मुख्यतः माणसाला अति ट्रेडिंगपासून आवरायला असते. सेगमेंट काही तासांसाठी बंद होतो, आणि काही ठिकाणी पोझिशन खुल्या असतील तर ती सुरूच होत नाही. आणीबाणीत तिच्यावर भिस्त ठेवू नका.

बटण दाबणारा वेगळा असावा. मुख्य प्रोग्राम अडकला तर त्याच्यातलंच बटणही अडकतं. म्हणून दुसरा, अगदी लहान पहारेकरी प्रोग्राम ठेवा. मुख्य प्रोग्राम दर पाच सेकंदांनी एका फाइलमध्ये वेळ लिहितो. पहारेकऱ्याला वीस सेकंदांत नवी वेळ दिसली नाही तर तो `STOP` लावतो, न भरलेल्या एंट्रीच्या ऑर्डरी रद्द करतो आणि तुम्हाला टेलिग्रामवर मेसेज टाकतो. तुम्ही टेलिग्रामवरून पाठवलेला 'थांब' सुद्धा हाच वाचतो. लिहायला शंभर ओळींच्या वर जाऊ देऊ नका. यात हुशारी घुसली की यालाच पहारेकरी लागेल.

आणि सर्व्हरच गेला तर? इथे स्टॅटिक आयपीचा नियम आडवा येतो. घरच्या लॅपटॉपवरून तोच प्रोग्राम चालवून एपीआयने ऑर्डर टाकायला गेलात तर आयपी नोंदलेला नाही म्हणून ती नाकारली जाईल. म्हणून मोबाइलवरचं ॲप आधीच लॉगिन करून, आणि कॉल ॲण्ड ट्रेडचा नंबर सेव्ह करून. घरचं वायफाय आणि मोबाइलचं सिम एकाच कंपनीचं नको, एवढंही बघा.

`STOP` फाइल प्रोग्रामने कधीही स्वतः काढायची नाही. सुरू होतानाही नाही. 'नवीन दिवस, नवी सुरुवात' म्हणून सकाळी ती पुसणारी ओळ मी एकाच्या कोडमध्ये पाहिली आहे. आदल्या दिवशी दुपारी थांबलेला प्रोग्राम सकाळी सव्वानऊला त्याच बिघाडासह पुन्हा धावायला तयार.

## ६. मुद्दाम मोडून बघा

जी तपासणी कधी आडवी आलेली नाही ती चालते की नाही हे तुम्हाला माहीत नाही. आधी खोट्या ब्रोकरवर, मग एका लॉटवर खऱ्या बाजारात. खोटा ब्रोकर म्हणजे तुमच्या एपीआयसारखी फंक्शनं असलेला, पण सांगाल ते उत्तर देणारा एक क्लास. त्याच्याकडून हे करून घ्या :

- दोन्ही पुटांचे भाव उलटेपालटे द्या. ऑर्डर जायला नको, आणि लॉगमध्ये नेमकं कारण दिसायला हवं.
- पहिला लेग भरू द्या, दुसऱ्याला टाइमआउट द्या, पण ऑर्डर बुकमध्ये तो भरलेला दाखवा. प्रोग्रामने तो टॅगवरून ओळखायला हवा.
- रद्द करण्याच्या विनंतीला 'आधीच भरली' असं उत्तर द्या. हेज विकला जायला नको.
- पोझिशनच्या चौकशीला एरर द्या. एंट्री व्हायला नको.
- दोन एंट्री झाल्यावर प्रोग्राम मारून पुन्हा सुरू करा. तिसरी व्हायला नको.
- मुख्य प्रोग्राम मध्येच गोठवा, `kill -STOP` देऊन, आणि घड्याळ लावून बघा मोबाइलवर मेसेज किती वेळात येतो.

शेवटची चाचणी खऱ्या सर्व्हरवर करा, बाजार बंद झाल्यावर. सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे असेल तर पहारेकरी एकतर सारखा ओरडतो किंवा ओरडतच नाही, ते इथेच कळतं.

## ७. थांबल्यानंतर पुन्हा सुरू करताना

`STOP` लागला आणि बाजार चालू आहे. घाई होते, विशेषतः बाजार आपल्या दिशेने जात असेल तर. तरी हा क्रम सोडू नका. आधी ब्रोकरच्या ॲपवर, प्रोग्रामच्या स्क्रीनवर नव्हे, पोझिशन बघा : विकलेले आणि घेतलेले नग समान आहेत का? नसतील तर ते हाताने समान करा. मग ऑर्डर बुकमध्ये `OPEN` काही पडून आहे का ते बघून रद्द करा. मग लॉगमधली `STOP` लागण्याआधीची शेवटची ओळ वाचा आणि कारण एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य लिहिता येत नसेल तर आज सुरू करू नका. लिहिता आलं आणि त्यासाठी कोड बदलावा लागत असेल, तरीही आज सुरू करू नका. बदललेला कोड बाजार चालू असताना पहिल्यांदा पळवायचा नाही. कारण बाहेरचं असेल, म्हणजे ब्रोकरचा एपीआय पाच मिनिटं बंद होता किंवा नेट गेलं होतं, आणि ते परत आल्याचं दिसत असेल, तर दुसऱ्या पायरीतल्या मोजणीला हात न लावता फाइल काढा आणि पुढची एंट्री एकाच लॉटवर ठेवा.